गोधडीची किंमत सांगताना : तास, टाके आणि टॅग

सोलापुरात हाताने शिवलेली गोधडी विकायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "एवढ्यात चार चादरी येतात की!" गिऱ्हाईक चुकीचं बोलत नसतं. चादरीचंच गाव आहे हे. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांवर सुती चादर झपाझप निघते, तिला भौगोलिक मानांकन आहे, ती टिकते आणि स्वस्तही पडते. अशा गावात पाच बाय सात फुटांच्या गोधडीचे २,९०० रुपये सांगायचे असतील तर "हाताने केलीय हो, फार मेहनत आहे" एवढ्यावर भागत नाही. मेहनत चादरवाल्याचीही असते. गिऱ्हाइकाला हवा असतो हिशोब, आणि तोही त्याला स्वतःला पडताळता येईल असा.

त्यामुळे गोधडी कशी बनते हे सांगताना एक कसोटी लावायची. आपण बोललेली प्रत्येक गोष्ट गिऱ्हाइकाला हातातल्या गोधडीवर बोट ठेवून मोजता आली पाहिजे. जे मोजता येत नाही ते शक्यतो बोलूच नये.

सुरुवात वहीपासून

माल तयार झाल्यावर आठवून सांगितलेले तास हमखास चुकतात, आणि बहुतेक वेळा फुगतात. "महिनाभर लागला" म्हणताना त्या महिन्यात स्वयंपाक, मुलांची शाळा, पापड-कुरडया हे सगळं होऊन उरलेल्या वेळात शिवण झालेली असते. गिऱ्हाईक २,९०० ला महिन्याने भागतं आणि एक तर कीव करतं, नाही तर विश्वासच ठेवत नाही. म्हणून प्रत्येक गोधडीला एक क्रमांक द्या आणि वहीत तिचं एक पान ठेवा. पानावर पाच गोष्टी पुरतात : किती साड्या, कुठून आणि केवढ्याला आल्या, थर किती, ओळींमधलं अंतर आणि दोरा, प्रत्यक्ष हात कामात असलेला वेळ, आणि पूर्ण झाल्यावरचं वजन. साड्या दोरीवर वाळत असतात तो वेळ धरायचा नाही, भिजवणं-पिळणं धरायचं.

शिवणीचा वेळ रोज घड्याळ लावून मोजायची गरज नाही. त्याला सोपा हिशोब आहे. गोधडीची लांबी गुणिले रुंदी, भागिले दोन ओळींमधलं अंतर, सगळं इंचांत. उत्तर येतं ती धावदोऱ्याची एकूण लांबी. ६० बाय ८४ इंचांच्या गोधडीत ओळी एकेक इंचावर असतील तर ५,०४० इंच, म्हणजे ४२० फूट. आता दहा फूट शिवायला किती मिनिटं लागतात ते तीनदा मोजा : सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. संध्याकाळी हात मंदावतो, म्हणून एकदाच मोजून चालत नाही. सरासरी फुटाला तीन मिनिटं आली, तीही सुईत दोरा ओवणं आणि गाठ मारणं धरून, तर ४२० फुटांना २१ तास.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट दिसते, जी गिऱ्हाइकाला सहसा कुणी सांगत नाही. ओळींमधलं अंतर अर्धा इंच केलं की शिवण दुप्पट होते, ८४० फूट. दोन गोधड्या लांबून सारख्याच दिसतात, पण एकीत २१ तासांची शिवण असते आणि दुसरीत ४२ तासांची. "ती शेजारच्या स्टॉलवर स्वस्त आहे" याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं. शेजारच्या मालाला नावं ठेवायची नाहीत, फक्त पट्टी पुढे करायची.

किंमत आधी स्वतःला पटवा

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. गोधडी ५ बाय ७ फूट, चार थरांची, ओळी एकेक इंचावर. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच पन्ह्याची असते. विरलेला भाग काढून पाचेक मीटर कामाचं उरलं तर तिचे ६० इंच लांबीचे तीन तुकडे पडतात. दोन तुकडे पन्ह्याला पन्हा जोडले की ९० बाय ६० चा एक थर होतो. कडा छाटल्या की ८४ बाय ६०. चार थरांना आठ तुकडे लागतात, म्हणून साड्या तीन. नववा तुकडा गोट आणि ठिगळांसाठी.

साड्या बोहारणीकडून शंभर रुपयांना एक याप्रमाणे घेतल्या असं धरू : ३०० रुपये. धावदोरा दुहेरी असेल तर गाठी आणि वाया जाणारी टोकं धरून ३०० मीटरच्या आसपास दोरा लागतो, त्याचे ६०. साबण-सोडा ३०. टॅग आणि कापडी पिशवी ४०. साहित्य झालं ४३० रुपये. हे आकडे तुमच्या खरेदीप्रमाणे बदलतील, रीत तीच राहील.

वेळ : शिवण २१ तास. साड्या निवडणं, धुणं, इस्त्री, कापणं, जोडणं, थर अंथरून कच्चे टाके घालणं, सगळे मिळून ५ तास. गोट घालणं, टोकं लपवणं, कच्चे टाके उसवणं ४ तास. एकूण ३०. आठ तासांच्या दिवसाला ५०० रुपये मजुरी धरली तर तासाला साडेबासष्ट, आणि तीस तासांचे १,८७५. साहित्य आणि मजुरी मिळून २,३०५. स्टॉलचं भाडं, रिक्षा, फोटो, फोन यांसाठी दहा टक्के, म्हणजे २३०. झाले २,५३५. उरलेले ३६५ हा नफा. न खपलेला माल, पुढच्या साड्यांची खरेदी आणि एखादी बिघडलेली गोधडी हे सगळं त्यातूनच निघतं. विक्रीची किंमत २,९००.

इथे एक कटू गोष्ट. नवशिकीला फुटाला पाच मिनिटं लागत असतील तर शिवणीचे ३५ तास होतील. ते जास्तीचे १४ तास गिऱ्हाइकावर टाकता येत नाहीत. तो शिकण्याचा खर्च आहे, गोधडीचा नव्हे. किंमत सरावलेल्या हाताच्या वेळेवर बांधा, आणि टॅगवर तासही तेच लिहा. उलट बाजूनेही खरं आहे : एखादीचा हात फार चपळ असेल तर तिची मजुरी कमी धरू नका. ठरल्या वेळेआधी काम संपलं तर तो फायदा तिचा.

आणि आकडेमोड करून किंमत १,५०० वर उतरलीच पाहिजे असं वाटत असेल, तर मजुरी कापण्याऐवजी वस्तू बदला. त्याकडे शेवटी येऊ.

काय दाखवायचं

गोधडी घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून विकली की सांगायला काही उरतच नाही. ती उलटी करून ठेवा. हाताचा धावदोरा दोन्ही बाजूंनी तुटक दिसतो : टाका, मग रिकामी जागा, मग टाका. मशीनच्या शिवणीत दोन्हीकडे टाक्याला टाका भिडलेला, सलग रेघ. हा फरक कुणालाही पाच सेकंदांत कळतो, आणि तो गिऱ्हाइकाने स्वतः पाहिलेला असतो.

दुसरं, फेरे मोजायला सांगा. गोधडी बहुधा कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशी शिवत नेतात. ६० इंच रुंदीत ओळी एकेक इंचावर असतील तर कडेपासून मध्यापर्यंत ३० फेरे भरतात. पहिला फेरा सगळ्यात मोठा, जवळपास २४ फुटांचा, मग प्रत्येक फेरा ८ इंचांनी लहान होत जातो. गिऱ्हाइकाने बोट फिरवत पंधरा-वीस फेरे मोजले तरी पुरे. त्या वेळी आपण गप्प बसावं हे उत्तम.

तिसरं, मध्य दाखवा. गोधडीची खरी परीक्षा तिथे असते. कच्चे टाके न घालता कडेकडून शिवत आलं की खालचे थर सरकतात, सगळं ढिलं कापड आत जमतं आणि मध्यावर फुगा येतो किंवा चुण्या पडतात. गोधडी जमिनीवर पसरून तळहात मध्यावर फिरवला की लगेच कळतं. सपाट मध्य म्हणजे आधी दर वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले होते, त्या पाच तासांतला मोठा भाग तिथे गेला. हे बोलून दाखवण्यासारखं आहे, कारण तो वेळ पूर्ण झालेल्या गोधडीत दिसत नाही. फुगा असेल तर ती गोधडी दुय्यम माल म्हणून कमी किमतीत विका, आणि कमी का ते सांगा. त्याने बाकीच्यांची किंमत उलट पक्की होते.

आता सगळ्यात उपयोगी युक्ती. एक फूट बाय एक फुटाचा चार थरांचा नमुना करा. अर्ध्या भागात ओळी शिवलेल्या, अर्ध्यात खडूच्या रेघा, आणि सुई-दोरा त्यातच खोचलेला. "एक ओळ घालून बघा की" म्हणून तो हातात द्या. चार थरांतून सुई काढताना नवख्याचे टाके वाकडे जातात, आणि एका फुटाला पाच-सहा मिनिटं सहज जातात. मग फक्त एवढंच सांगायचं : "अशा ४२० ओळी." पुढचा गुणाकार माणूस मनातच करतो. सुई बोथट आणि जाड ठेवा, शेजारी अंगुस्तान ठेवा, आणि लहान मूल असेल तर नमुना पुढे करू नका. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर गर्दी असते तेव्हा हे जमत नाही. तिथे टेबलावर पट्टी आणि उलटी ठेवलेली गोधडी एवढंच चालतं. निवांत प्रदर्शनात मात्र नमुना ठेवलाच पाहिजे.

फोटो

ऑनलाइन विकताना हात लावता येत नाही, म्हणून वर सांगितलेल्या गोष्टी फोटोत आणाव्या लागतात. पाच पुरेत. धुण्याआधीच्या साड्या, कच्च्या टाक्यांसह अंथरलेले थर, निम्मी शिवून झालेली गोधडी, शिवणाऱ्या हातासह, मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो, टाक्यांवर पट्टी ठेवून, आणि शेवटी पूर्ण गोधडी पलंगावर, म्हणजे आकार कळतो. सकाळी दाराशी, तिरप्या उजेडात टाक्यांची सावली पडते आणि उठाव दिसतो. भर दुपारी गच्चीवर काढलेल्या फोटोत गोधडी सपाट, छापील चादरीसारखी दिसते.

प्रत्येक गोधडीचे फोटो वेगळे हवेत, क्रमांकासकट. जुन्या साड्यांचा माल एकासारखा दुसरा नसतोच. एकाच फोटोवर दहा गोधड्या विकल्या की पार्सल उघडणाऱ्याला रंग वेगळा दिसतो, आणि मग सांगितलेलं सगळंच खोटं वाटू लागतं. चेहरा किंवा नाव टाकायचं तर शिवणाऱ्या बाईंना आधी विचारा, फोटो कुठे लागणार तेही सांगा. हातांचा फोटो पुरतो. खरं तर तोच जास्त सांगतो.

टॅगवर काय लिहायचं

टॅग पोस्टकार्डापेक्षा मोठा नको. विशेषणं जवळपास नकोतच. वरच्या उदाहरणाचा टॅग असा होईल :

> गोधडी क्र. १७. आकार ५ × ७ फूट, चार थर.
> तीन वापरलेल्या सुती साड्या, गरम पाण्यात सोडा घालून धुऊन उन्हात वाळवलेल्या.
> धावदोरा आणि गोट हाताचे. साड्यांचे तुकडे जोडायची शिवण तेवढी मशीनची.
> ओळी एकेक इंचावर. कडेपासून मध्यापर्यंत ३० फेरे, मोजून पाहा.
> काम ३० तास. मजुरी १,८७५ रु. साहित्य ४३० रु. बाकी स्टॉल, वाहतूक, नफा. किंमत २,९०० रु.
> पहिल्यांदा वेगळी धुवा.

मशीनच्या शिवणीची ओळ गाळायचा मोह होतो. गाळू नका. पूर्ण गोधडीत ती शिवण बारकाईने पाहणाऱ्याला दिसतेच, आणि "सगळं हाताने" म्हटल्यावर ती दिसली की बाकीच्या २१ तासांवरचाही विश्वास जातो. नफा वेगळा मांडावा की नाही यावर मतं वेगळी असतात. आमच्या मते मजुरी आणि साहित्य स्पष्ट लिहावं, उरलेलं एका ओळीत आणावं. कोणी विचारलंच तर वही आहेच.

शब्द जपून वापरा. गोधडी हाताने शिवलेली असते, म्हणून तिला "हातमागाची" म्हणता येत नाही. साडीचं कापड बहुतेक वेळा गिरणीतलं किंवा यंत्रमागावरचं असतं. सोलापुरात हा फरक कळणारे घराघरांत आहेत. "सोलापुरी चादर" हे नावही तिला लावू नका, ते मानांकन चादरीचं आहे. "शुद्ध सुती" लिहिण्याआधी काठातून एक दोरा ओढून चिमट्यात धरून जाळा. सुती दोरा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि राख होते, कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होते. पदरात किंवा काठात कृत्रिम धागा असणाऱ्या साड्या पुष्कळ निघतात. तशी निघाली तर "सुती, काठ मिश्र" लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तरतूद आहे, आणि छोट्या विक्रेत्याला त्यातून सूट नाही.

"आजीच्या साडीची ऊब" हे वाक्यही सोडा. साडी बोहारणीकडून आली असेल तर ती कुणाच्या आजीची ते आपल्याला ठाऊक नसतं. गिऱ्हाईक स्वतःच्या घरच्या साड्या आणून देतं तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे साड्यांचे ३०० वजा होऊन किंमत २,६०० होते, आणि ते टॅगवर दिसलं पाहिजे.

वापरलेल्या कपड्यांबद्दल लोक शंका बोलून दाखवत नाहीत, नुसते पुढे निघून जातात. म्हणून धुण्याची ओळ टॅगवर वर ठेवली आहे. रंग जातो का हे शिवण्याआधीच तपासा : ओल्या पांढऱ्या फडक्याने साडी एक मिनिट घासायची. फडकं रंगलं तर ती साडी आतल्या थरातही नको, पहिल्या धुण्यात तो रंग वर येतो.

टॅगची भाषा मराठी असावी, पण सोलापुरात तेवढ्यावर थांबू नये. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारं गिऱ्हाईक इथे निम्म्या गल्ल्यांत आहे. आकार, तास आणि किंमत ही तीन अंकांची ओळ मोठी छापली तर ती सगळ्यांनाच वाचता येते.

तोंडी सांगणं आणि घासाघीस

स्टॉलवर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ मिळत नाही. त्यात तीनच गोष्टी बसतात, आणि सुरुवात गिऱ्हाइकाच्या तुलनेपासूनच करावी.

"ताई, एवढ्यात चार चादरी येतात की!"

"येतात की, काका. चादर मागावर विणतात, ही सुईने शिवलीय. मागून बघा, टाका तुटक आहे. तीस फेरे आहेत, मोजा. तीस तासांचं काम आहे, मजुरी टॅगवर लिहिलीय."

इथे थांबायचं. घरची परिस्थिती, बायकांचे कष्ट, "तेवढाच हातभार" हे बोललं की गिऱ्हाईक मदत म्हणून घेतं. मदत एकदाच होते, गोधडी मात्र आवडली तर तो दुसरी न्यायला येऊ शकतो.

मग येतं : "दोन हजाराला द्या." टॅगवर मजुरी लिहून ९०० रुपये सोडले तर आपणच आपला हिशोब खोटा ठरवतो. साहित्य आणि मजुरीच २,३०५ होते, तेव्हा दोन हजार म्हणजे कुणाच्या तरी हातातले तास फुकट गेले. शेवटच्या दिवशी, माल परत न्यायचा नसेल तर १०० रुपये सोडता येतात, पण ते नफ्यातून गेले हे वहीत लिहा. त्याहून जास्त मागणाऱ्याला लहान वस्तू दाखवा. ३६ बाय ३६ इंचांचं बाळाचं दुपटं त्याच अंतरावर शिवलं तर १,२९६ इंच, म्हणजे १०८ फूट. शिवणीचे साडेपाच तास, बाकी काम धरून नऊ-साडेनऊ. तीच रीत लावली की किंमत हजाराच्या आत बसते, आणि मजुरीचा दर तोच राहतो. किंवा गोधडीचं अंतर दीड इंच करा : शिवण २८० फूट, १४ तास, किंमत सुमारे ४८० रुपयांनी कमी. मात्र दीड इंचाच्या ओळीत आतले थर धुण्यात सरकू शकतात, हे घेणाऱ्याला आधी सांगावं.

दुकानात माल ठेवायचा असेल तर दुकानाचा वाटा मूळ हिशोबातच धरा. दुकान किमतीचे तीस टक्के घेत असेल तर २,९०० मधून हाती २,०३० येतात, खर्चापेक्षा कमी. २,३०५ हाती यायचे तर छापील किंमत किमान ३,३०० लागते. पण एकच गोधडी स्टॉलवर २,९०० आणि दुकानात ३,३०० दिसली की गिऱ्हाईक फसल्यासारखं होतं. त्यामुळे दोन्हीकडे विकायचं असेल तर पहिल्यापासून ३,३०० हीच किंमत लावा, आणि टॅगवरच्या शेवटच्या ओळीत "दुकानाचा वाटा" हे शब्द घाला.

विकून झाल्यावरही क्रमांकाचं पान फाडू नका. तीन-चार वर्षांनी कडेचे टाके उसवले म्हणून गोधडी परत येते, तेव्हा कोणता दोरा होता आणि अंतर किती होतं ते त्या पानावर सापडतं. दुरुस्तीचा दरही त्याच हिशोबाने सांगता येतो : दहा फूट शिवण म्हणजे अर्धा तास, तीस-पस्तीस रुपये आणि दोरा.